"ग्राफ बनवा" म्हणजे नेमकं काय बनवा?

पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. वर सहा जिल्ह्यांची नावं, पुढे दोन-दोन आकडे, आणि खाली तीन शब्द: "यांचा ग्राफ बनवा." तासाभरात तीन जणांनी तीन ग्राफ टाकले. आकडे तेच, पण एका ग्राफमध्ये बीड जिल्ह्यात मुली जवळपास संपल्यात असं दिसत होतं, दुसऱ्यात सगळे जिल्हे सारखेच दिसत होते, आणि तिसऱ्यातून काय दिसतं ते बनवणाऱ्यालाही सांगता आलं नाही. तिन्ही ग्राफ पुढे दोन-चार ग्रुपवर गेले. खाली भांडणं सुरू झाली ती वेगळीच.

आकडे खरे आहेत. जनगणनेतले आहेत. शून्य ते सहा वर्षं वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती, ते हे. पहिला आकडा २००१ चा, दुसरा २०११ चा.

बीड: ८९४, ८०७
जळगाव: ८८०, ८४२
अहमदनगर: ८८४, ८५२
सांगली: ८५१, ८६७
कोल्हापूर: ८३९, ८६३
गडचिरोली: ९६६, ९६१

संपूर्ण महाराष्ट्र: ९१३, ८९४

आता यातल्या एकेका ग्राफचं काय झालं ते बघू, कारण हीच गोष्ट उद्या पाणीटंचाईच्या, पीकविम्याच्या, दहावीच्या निकालाच्या आकड्यांची होणार आहे.

पहिला ग्राफ: उभे खांब

एका दोस्ताने २०११ चे आकडे एक्सेलमध्ये टाकले, `Insert` मध्ये जाऊन उभ्या खांबांचं चित्र निवडलं आणि जे आलं ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. चित्रात बीडचा खांब बुटका, गडचिरोलीचा खांब त्याच्या जवळजवळ अडीचपट उंच.

त्याने काही लबाडी केली नव्हती. एक्सेलची सवयच तशी आहे. सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्या आकड्याच्या सहा भागांपैकी पाच भागांपेक्षा जास्त असला, म्हणजे सगळे आकडे एकमेकांच्या जवळ असले, की एक्सेल उभी पट्टी शून्यापासून सुरू करत नाही. ती वरून कुठून तरी सुरू करतं, म्हणजे फरक ठळक दिसावा. इथे ८०७ आणि ९६१ आहेत. पट्टी ७०० पासून सुरू झाली. मग बीडचा खांब उरला १०७ चा आणि गडचिरोलीचा २६१ चा. डोळ्याला दिसलं अडीचपट. खरा फरक किती? ९६१ भागिले ८०७, म्हणजे एक पूर्णांक दोनच्याही आत.

खांबाच्या चित्रात वाचक आकडा वाचत नाही, खांबाची लांबी बघतो. लांबी म्हणजेच आकडा, असा त्या चित्राचा करार आहे. खांब मधूनच कापला की करार मोडला. म्हणून खांबाचा ग्राफ असेल तर पट्टी शून्यापासूनच हवी. एक्सेलमध्ये पट्टीवर दोनदा क्लिक केलं की `Format Axis` उघडतं, तिथे `Minimum` मध्ये 0 टाकायचं. एवढंच काम.

पण ते केल्यावर दुसरा ग्राफ तयार होतो, तो जो दुसऱ्या दोस्ताने टाकला होता. शून्यापासून हजारापर्यंत पट्टी, आणि सहा खांब जवळपास एका उंचीचे. हजाराला दहा सेंटीमीटर धरले तर बीड आठ सेंटीमीटरच्या जरा वर आणि कोल्हापूर त्याहून साधारण अर्धा सेंटीमीटर उंच. मोबाईलच्या पडद्यावर तर तेही कळत नाही. बघणारा म्हणतो, काय फरक आहे, सगळीकडे सारखंच तर आहे. हे चित्र खोटं नाही, पण गप्प आहे. हजारामागे पन्नास-साठ मुली कमी होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते त्यातून कळत नाही.

म्हणजे शून्यापासून काढला तर फरक दिसत नाही, आणि कापून काढला तर नको तेवढा दिसतो. असं झालं की समजायचं, या आकड्यांसाठी खांब हा प्रकारच चुकीचा निवडला आहे.

तिसरा ग्राफ: गोल

तिसऱ्याने गोलाचे तुकडे केले. आपल्याकडे ग्राफ म्हटलं की हा गोल फार आवडतो, रंगीत दिसतो म्हणून. आता बघा, गोल म्हणजे एका अख्ख्या गोष्टीचे भाग. ग्रामपंचायतीचा एक रुपया कुठे कुठे गेला, पाणीपुरवठ्यावर किती, दिवाबत्तीवर किती, तिथे गोल चालतो, कारण सगळे तुकडे मिळून एक रुपया होतो.

इथे सहा जिल्ह्यांचे आकडे मिळून काय होतं? बेरीज ५१९२ येते. ५१९२ काय? काहीच नाही. ते हजारामागचं प्रमाण आहे, बेरीज करायची वस्तूच नाही. तरी सॉफ्टवेअरने इमानदारीने टक्केवारी छापली: बीड १५.५, गडचिरोली १८.५. खाली एकाने कमेंट केली, "बीडमध्ये फक्त साडेपंधरा टक्के मुली?" त्या बिचाऱ्याची काय चूक? चित्रावर टक्के लिहिलेत, तो टक्केच वाचणार.

गोल काढण्याआधी एकच विचारायचं: सगळे आकडे मिळवले तर जी बेरीज येते, तिला नाव आहे का? नाव नसेल तर गोल काढायचा नाही.

मग काय काढायचं?

आमच्या इथला एक डीटीपी करणारा पोरगा मला म्हणाला, "सर, तुम्ही लई बोलता. कोणता ग्राफ मारू तेवढं सांगा ना."

मी म्हटलं, "भाऊ, आधी तू सांग, लोकांना काय विचारायचंय? कोणता जिल्हा सगळ्यात खाली आहे, हे? का दहा वर्षांत कोण घसरलं आणि कोण सावरलं, हे?"

तो थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोल्हापूर वर गेलंय की सर."

हेच. आकड्यांमधली बातमी तीच आहे. २००१ मध्ये सगळ्या राज्यात खाली होतं ते कोल्हापूर, ८३९. बीड तेव्हा ८९४ वर होतं, कोल्हापूरच्या बरंच पुढे. दहा वर्षांत कोल्हापूर २४ ने वर गेलं आणि बीड ८७ ने खाली येऊन राज्याच्या तळाला गेलं. दोघांनी जागा बदलल्या. नुसते २०११ चे खांब काढले तर ही गोष्ट चित्रात येतच नाही, कारण निम्मे आकडे आपण टाकून दिलेले असतात.

दोन वेळांमधली चढ-उतार दाखवायची तर सगळ्यात साधं चित्र असं: डावीकडे एक उभी रेघ, २००१. उजवीकडे दुसरी उभी रेघ, २०११. प्रत्येक जिल्ह्याचा डावीकडे एक ठिपका, उजवीकडे एक ठिपका, आणि दोन्ही जोडणारी तिरकी रेघ. बस्स. बीडची रेघ धाडकन खाली येते, कोल्हापूरची वर चढते आणि दोघी मधे एकमेकींना कापतात. गडचिरोलीची वरच्या वर जवळजवळ आडवी राहते. शाळा न शिकलेल्या माणसालाही बोट ठेवून सांगता येतं, ही पडली, ही चढली.

एक्सेलमध्ये याला वेगळं बटण शोधू नका. जिल्ह्यांची नावं पहिल्या स्तंभात, २००१ आणि २०११ वरच्या ओळीत, आणि डाव्या कोपऱ्यातला पहिला कप्पा रिकामा ठेवा, नाहीतर कधीकधी सालाचे आकडेच माहिती समजून ग्राफमध्ये काढले जातात. मग `Line with Markers` निवडा. पहिल्यांदा चित्र उलटं येईल: खाली जिल्ह्यांची नावं, आणि एक रेघ बीडपासून जळगावला, जळगावपासून नगरला. त्या रेघेला काही अर्थ नाही, बीड आणि जळगावच्या मधे कोणता जिल्हा आहे जिथून ती रेघ जाईल? `Switch Row/Column` वर क्लिक करा. आता खाली दोन सालं आली आणि प्रत्येक जिल्ह्याची स्वतःची रेघ झाली.

या चित्रात पट्टी शून्यापासून नको. ७८० ते ९८० ठेवली तरी चालते, कारण इथे वाचक खांबाची लांबी मोजत नाही, ठिपका कुठे आहे आणि रेघ कुठे झुकते ते बघतो. पण इथेही हात मारता येतो बरं का. चित्र उंच आणि अरुंद केलं की प्रत्येक उतार कड्यासारखा दिसतो, रुंद केलं की सगळं सपाट. त्यावर उपाय एकच, रेघेच्या दोन्ही टोकांना आकडा लिहायचा. ८९४ आणि ८०७ डोळ्यांसमोर असले की चित्र कितीही ताणलं तरी वाचकाला धरायला काहीतरी राहतं.

आणखी एक आडवी तुटक रेघ घाला, ९५० वर. माणसात निसर्गतःच जन्माला मुलगे थोडे जास्त येतात, साधारण शंभर मुलींमागे १०५. म्हणजे हजार मुलग्यांमागे मुली ९५० च्या आसपास. आपल्याकडे बरेच जण हजाराची रेघ मारतात आणि मग गडचिरोलीच्या ९६१ लाही "मुलींची कमतरता" म्हणतात. गडचिरोलीत तशी कमतरता नाही. चित्रात कशाशी तुलना करायची ती रेघच चुकली तर चांगला जिल्हाही गुन्हेगार ठरतो.

रंगाचं म्हणाल तर सहा रेघांना सहा रंग देऊ नका. चार रेघा राखाडी ठेवा, बीड आणि कोल्हापूर दोनच रंगीत. आणि नावं बाजूच्या चौकटीत नको, रेघेच्या शेजारीच लिहा. मोबाईलवर वाचणारा माणूस चौकट बघ, रंग जुळव, परत रेघ बघ, एवढं करत नाही. तो पुढच्या पोस्टवर जातो.

नाव काय द्यायचं

ग्रुपवरच्या तिन्ही ग्राफवर एकच शीर्षक होतं: "लिंग गुणोत्तर." इथे खरा घोळ आहे.

जनगणनेत दोन वेगळे आकडे असतात. एक, सगळ्या वयाच्या हजार पुरुषांमागे स्त्रिया. दुसरा, शून्य ते सहा वयातल्या हजार मुलग्यांमागे मुली. महाराष्ट्राचा पहिला आकडा २००१ मध्ये ९२२ होता आणि २०११ मध्ये ९२९ झाला. म्हणजे वाढला. त्याच दहा वर्षांत दुसरा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला. म्हणजे घटला. आता शीर्षक नुसतं "लिंग गुणोत्तर" असेल तर एक पक्ष म्हणेल वाढलं, दुसरा म्हणेल घटलं, आणि दोघेही कागद दाखवतील. पहिल्या आकड्यात सत्तरीतल्या आजीही मोजलेल्या असतात आणि कामाला बाहेरून आलेले पुरुषही. गर्भातच मुलगी नाकारली जाते का, हे बघायचं तर लहान मुलांचाच आकडा बघावा लागतो.

म्हणून शीर्षकात हे सगळं यायला हवं: कोणतं वय, हजार कोणामागे कोण, कोणतं साल, कुठून घेतलं. "० ते ६ वर्षे: दर १००० मुलग्यांमागे मुली, जनगणना २००१ आणि २०११". लांब वाटतं, पण याच्यापेक्षा छोटं केलं की भांडण सुरू.

आणि हो, २०११ चेही दोन आकडे फिरतात. जनगणना झाल्यावर लगेच तात्पुरते आकडे आले, नंतर अंतिम. तात्पुरत्यात महाराष्ट्र ८८३ होता, अंतिममध्ये ८९४. बीड ८०१ होतं, ८०७ झालं. कोल्हापूर ८४५ होतं, ८६३ झालं. जुन्या बातम्यांमध्ये तात्पुरतेच आकडे आहेत. अर्धे तात्पुरते, अर्धे अंतिम असे एका ग्राफमध्ये आले तर कोल्हापूरची चढण चोवीसची सहा होऊन बसते. म्हणून "अंतिम आकडे" हे दोन शब्दही चित्राखाली हवेत.

नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय. आकडे जुन्या नावाचे आहेत, तेव्हा चित्रात आजचं नाव लिहिलं तर कंसात जुनं द्या. पालघरचा तर या चित्रात आकडाच नाही, कारण तो जिल्हाच २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. कोणी पालघरची २००१ ची रेघ दाखवली तर कुठून आणली ते विचारा.

रेघ पुढे ओढू नका

खरी जोखीम पुढे आहे. २०११ नंतर जनगणना झाली नाही. २०२१ ची राहिली, आता २०२७ ची जाहीर झाली आहे. मधल्या काळात जे आकडे आपल्या हातात येतात ते जन्मनोंदणीचे, म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या हजार मुलग्यांमागे मुली. लोक काय करतात, २०११ च्या ठिपक्यापासून थेट या आकड्यापर्यंत रेघ ओढतात आणि म्हणतात, बघा किती सुधारलं. पण एक मोजणी घरोघर जाऊन सहा वर्षांपर्यंतच्या पोरांची, दुसरी एका वर्षाच्या नोंदवलेल्या जन्मांची. मापच बदललं. एक पोतं किलोवर मोजलं आणि दुसरं पायलीने, मग धान्य वाढलं म्हणायचं, त्यातला प्रकार. जन्मनोंदणीचा ग्राफ काढायचा तर वेगळा काढा, नोंदणीचेच चार-पाच वर्षांचे आकडे घेऊन.

त्यातही गाव लहान असलं की गंमत होते. आमच्याकडे एका गावाचा आकडा एका वर्षी ८१८ आला. दुसऱ्या वर्षी १२२२. लगेच ग्राफ, लगेच बॅनर, सरपंचांचा सत्कार. मी ग्रामपंचायतीत जाऊन मूळ नोंदी मागितल्या. दोन्ही वर्षी जन्म ४०. पहिल्या वर्षी २२ मुलगे, १८ मुली. दुसऱ्या वर्षी १८ मुलगे, २२ मुली. गणित साधं आहे:

```
=C2/B2*1000
```

`B2` मध्ये मुलगे, `C2` मध्ये मुली. १८ भागिले २२ गुणिले हजार, ८१८. उलट केलं की १२२२. चार पोरींचा फरक, पण हजाराने गुणल्यावर चारशेची उडी दिसते.

चाळीस जन्मांत मुली १६ ते २३ यातला कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो, नाणं उडवल्यासारखा. १६ आल्या तर प्रमाण ६६७, २३ आल्या तर १३५३. म्हणजे काहीही बरं-वाईट न घडता गाव एका वर्षी राक्षसांचं आणि पुढच्या वर्षी संतांचं ठरतं. तालुक्यात वर्षाला दोन हजार जन्म असले तरी प्रमाण ९०० ते ९९० मधे आपोआप हलत राहतं, आणि दर तीनातल्या एखाद्या वर्षी त्याच्याही बाहेर जातं. जिल्ह्याची गोष्ट वेगळी. बीडमध्ये शून्य ते सहाची मुलं लाखांच्या घरात आहेत, तिथे योगायोगाने प्रमाण हललं तर चार-सहाने हलेल. ८७ ने पडणं हा योगायोग नाही.

ज्या वर्षी ८१८ आला त्या वर्षी त्याच गावच्या आशाताईंना बैठकीत उभं करून विचारलं गेलं होतं, तुमच्या गावात हे काय चाललंय म्हणून. त्या बाईने काय उत्तर द्यायचं? अठरा पोरी जन्मल्या, सगळ्या नीट आहेत, सगळ्यांचं लसीकरण झालंय, हे तिला माहीत होतं. पण पडद्यावर लाल खांब होता.

म्हणून गावाचा ग्राफ काढायचा तर हजारामागचं प्रमाण काढूच नका. सरळ दोन आकडे दाखवा, २२ मुलगे, १८ मुली. शेजारी शेजारी दोन खांब, शून्यापासून. आणि एका वर्षाचे नको, पाच वर्षांची बेरीज घ्या. बेरीज करताना मुलगे वेगळे मिळवा, मुली वेगळ्या मिळवा, मग हवं तर भागा. पाच वर्षांच्या प्रमाणांची सरासरी काढू नका, कारण दहा जन्मांच्या वर्षाला आणि साठ जन्मांच्या वर्षाला त्यात सारखंच वजन मिळतं.

आपल्या गावाचे आकडे कोणाकडे असतील तर कमेंटमध्ये टाका. नुसतं प्रमाण नको. साल, मुलगे किती, मुली किती, आणि आकडे कुठल्या नोंदीतून घेतले, एवढं लिहा. पाच वर्षांचे मिळाले तर चित्र मी काढून देतो. आणि त्या तीन ग्राफपैकी एखादा तुमच्या ग्रुपवर आला असेल, तर त्याच्याखाली वरची सहा ओळींची यादी चिकटवा.